चतकोर पेढ्याची भरपाई

ही दोन हजार बावीस सालची गोष्ट. करोनाची दोन वर्षं आमचा बिरोबा कुलपात होता. त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच वस्तीत त्याची पालखी निघायची होती.

आमची वस्ती सोलापूरच्या दक्षिणेला, माळावर. सांगोला-मंगळवेढ्याकडून मेंढरं विकून किंवा भावाकडे सोडून जी धनगर घरं शहरात आली, त्यातली साठेक घरं एका जागी वसली. आम्ही आलो तेव्हा इथं बाभळी आणि विंचू होते. मग पत्र्याची घरं झाली, मग विटांची, आता दोन घरांवर तर काचेच्या गॅलऱ्याही आहेत. देव मात्र आम्ही गावाकडून पहिल्याच खेपेला आणला होता, बैलगाडीत, कडब्यावर बसवून. माझ्या थोरल्या जाऊबाई केराबाई तेव्हा गाडीमागून चालत आल्या होत्या, पायात वहाण न घालता. म्हणून देवावर आपला हक्क इतरांपेक्षा जास्त, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्या लपवत नसत.

दरवर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी पालखी निघे. प्रसादाची पाळी घरटी. दोन हजार एकोणीस साली ती आक्कांची होती. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. त्या वर्षी आक्कांनी घरं मोजली, माणसं मोजली आणि बेताचे पेढे आणले. त्याच वर्षी गावाकडून दोन टेम्पो न सांगता आले. निम्मी रांग शिल्लक असताना परात तळाला आली. आक्कांनी पेढ्याचे दोन तुकडे केले, मग चार केले. आणि नेमका चौथा हिस्सा ज्या तळहातावर पडला तो त्यांच्या विहीणबाईंचा होता. गोजरबाईंचा, मोडनिंबच्या.

गोजरबाईंनी तो तुकडा डोळ्यांजवळ नेला, उजेडात धरला आणि भर देवळात विचारलं, "इहीणबाई, हे औषध जेवायच्या आदी घ्यायचं का नंतर?"

दोन वर्षं टाळेबंदी होती, लोकांना दुसरा उद्योग नव्हता. ती गोष्ट मोडनिंबपासून माझ्या माहेरी दुधनीपर्यंत फिरली. फोनवर ख्यालीखुशाली विचारताना लोक म्हणत, "केराबाईंकडचं औषध चालू हाय न्हवं?" आक्कांच्या लेकीला सासरी कुणी औषध विचारलं, तर ती स्वयंपाकघरात निघून जाई. प्रसाद उणा पडला तर पाळी फिटली असं धरत नाहीत, आणि पुढं पालखीच निघाली नाही म्हणून ती आक्कांकडंच राहिली होती. वस्तीतल्या पंचांनी विचारलं, "केराबाई, पाळी दुसऱ्याला देऊ का?"

"पाळी माजी हाय," आक्का म्हणाल्या. "औंदा एकूण एक माणसाच्या हातावर अक्खा पेढा पडंल. अक्खा! आन त्या मोडनिंबच्या बाईला दोन."

हे त्यांनी देवासमोर, भंडारा हातात घेऊन म्हटलं. आमच्यात भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन बोललेलं मागं घेता येत नाही.

मग किती माणसं येणार, याचा हिशेब सुरू झाला. आक्कांची नात ऋतुजा कॉलेजात होती. तिनं वस्तीच्या ग्रुपवर प्रश्न टाकला, 'पालखीला कोण कोण येणार?' संध्याकाळी ती मोबाइल घेऊन आली. एकशे चाळीस जण येणार म्हणत होते, तीन जण नाही म्हणत होते आणि दोनशेच्या वर लोकांनी नुसते हात जोडले होते.

"हात जोडले म्हंजे येत्यात," आक्का म्हणाल्या. "देवाला न्हाय कोन म्हनंल?"

"आज्जी, त्यातले दोघं दुबईला आहेत."

"दुबईचं काय सांगतीस! गेल्या खेपंला दुधनीचे आले की."

दुधनी म्हणजे माझं माहेर.

मी आपली जुनी रीत सांगितली. चुली मोजायच्या. चुलीमागं पाच माणसं धरायची, गावाकडची निम्मी वर धरायची, आणि दोन वर्षं देव भेटला नाही म्हणून आणखी थोडी. पण त्याहून महत्त्वाचं, मोजून द्यायची वस्तू आणायचीच नाही. पेढा मोजून द्यावा लागतो. तो उणा पडला की सगळ्यांना दिसतो. चिरमुरे-बत्तासे, खोबरं-खारीक मुठीनं द्यायचे. माणसं वाढली तर मूठ जरा आवळायची. कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय खोबरं-खारीक महिनाभर राहिलं तरी बिघडत नाही.

"चिरमुरे?" आक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवाला पानपराग चढवायला सांगितलं होतं. "आगं शिरीदेवी, चिरमुरं वाटले तर ती बाई म्हनंल, औषध संपलं, आता पथ्य चालू झालं!"

थोरले दीर मायाप्पा, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, ते बाजेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "दोन्ही आना. देव बी खाईल, सरदार बी खाईल."

सरदार म्हणजे आण्णांचा बोकड. मेंढरं गेली, पण एक तरी जनावर दारात असल्याशिवाय आण्णांना झोप येत नसे.

शनिवारी दुपारी आक्का, मी आणि ऋतुजा रिक्षानं नवी पेठेत गेलो. दिवाळी सरली होती तरी कापडाच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मिठाईच्या दुकानात मालकानं पहिलाच प्रश्न विचारला, "कार्यक्रम कधी आहे, मावशी?"

"उद्या."

"वाटप?"

"उद्याच. संध्याकाळी."

"नक्की उद्या ना? हा पेढा ओला आहे. दोन दिवसांचा माल, फार तर फ्रीजमध्ये चार. ऊन बघताय ना बाहेर? त्यापेक्षा हा भाजका न्या. खवा लाल होईस्तोवर भाजलाय, आठ दिवस हलत नाही."

आक्कांनी भाजक्या पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दुकानात ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "करपलाय."

"करपला नाही मावशी, तीच चव—"

"पांढरा द्या. मऊ. दातबित न्हाईत त्यांना बी खाता आला पायजे." मग माझ्याकडं वळून हळूच, "आन लांबून दिसला बी पायजे."

मी त्यांच्या कानाशी लागले. "आक्का, अजून कौल लागला नाही. कौल लागायच्या आधी नाशवंत माल घेऊ नये, असं आपल्या सासूबाई सांगायच्या."

हे इथं सांगायला हवं. आमचा देव पंचांग बघून उठत नाही. पालखीच्या दिवशी सकाळी पुजारी त्याला विचारतो. देवाच्या दोन्ही गालांवर ज्वारीचे ओले दाणे लावायचे, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवा आधी पडला तर देव निघाला. डावा आधी पडला तर पालखी त्या वर्षी नाही. आणि दोन्ही चिकटून राहिले तर देव गप्प आहे, उद्या परत विचारायचं. इतक्या वर्षांत देव गप्प राहिल्याचं मला एकदाच आठवतं. दाणे वाळले की पडतात आणि बहुतेक उजवाच पडतो. तरी रीत ती रीत.

"मला न्हाय म्हनंल व्हय त्यो?" आक्का म्हणाल्या. "मी अनवाणी आनलाय त्याला."

किलोला चाळीस या हिशेबानं वीस किलो पांढरे पेढे घेतले. मी हट्टानं माझ्यापुरते एक पोतं चिरमुरे, बत्तासे, खोबऱ्याच्या वाट्या आणि खारका घेतल्या. रिक्षात पेढे आक्कांच्या मांडीवर बसले आणि ऋतुजा चिरमुऱ्यांवर.

घरी आलो तर दारात पिशवी. पिशवीमागं गोजरबाई. पालखीसाठी त्या एक दिवस आधीच आल्या होत्या.

"या इहीणबाई," आक्का म्हणाल्या. "लवकर आला."

"म्हनलं रांगंत पुढं हुबं ऱ्हावं," गोजरबाई म्हणाल्या. "गेल्या येळेला मागं हुते."

पेढे ठेवायचा प्रश्न वेगळाच. घरात एक फ्रीज, त्यात दिवाळीचं उरलेलं आणि अंडी. देवाचा प्रसाद अंड्यांशेजारी ठेवायचा नाही, हे आक्कांचं म्हणणं. वस्तीभर ऋतुजा फ्रीज उघडून बघत हिंडली. धनगरांच्या वस्तीत अंडं-मटण नसलेला फ्रीज सापडणं म्हणजे बोडक्या मेंढीची शिंगं मोजण्यासारखं. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या लिंगायत बाईंनी आपला फ्रीज अर्धा रिकामा करून दिला. तिथं निम्मे पेढे गेले. उरलेले निम्मे आक्कांच्या मधल्या खोलीत, परातीत, ओल्या फडक्याखाली. गोजरबाईंचं अंथरूणही त्याच खोलीत. दुसरी खोली नव्हती.

रविवारी पहाटे आमचा पुजारी बिरप्पा यानं देवाला अंघोळ घातली, अंग पुसलं, हळद उधळली आणि चहाला गेला. बिरप्पाचं वय झालं होतं, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकत होता. तेवढ्यात आक्का देवळात आल्या. मी झाडत होते. आक्कांच्या हातात परातीतला पहिला पेढा. त्यांनी तो देवाच्या तोंडाला लावला. लेकराला भरवावं तसं भरवलं. पेढा ओठांवरून गालावर गेला, तिथून दुसऱ्या गालावर.

"खा," त्या देवाला म्हणाल्या. "आन लवकर हो म्हन. खवा हाय, खडीसाखर न्हाय."

मग त्यांनी वरून दोन चिमटी हळद उधळली, म्हणजे देव सजल्यासारखा दिसावा.

आठ वाजता वस्ती जमली. बिरप्पानं चाचपून गालांवर दाणे लावले. आम्ही सगळे हात जोडून बसलो. नऊ वाजले. दहा वाजले. दाणे हलेनात. पोरं उठून खेळायला गेली. बारा वाजता बिरप्पा म्हणाला, "देव गप हाय. उद्या इचारू."

पंचांनी बाहेरगावी फोन लावले, येऊ नका, देव उठला नाही. आक्का घरी आल्या आणि फडक्याचा कोपरा उचलून बघितला. गोजरबाईंनीही मान लांब करून बघितलं.

"कसं हाय?" गोजरबाईंनी विचारलं.

"बरं हाय," आक्का म्हणाल्या. दवाखान्यातल्या पेशंटबद्दल बोलावं तसं.

सोमवारी पहाटे आक्का पुन्हा देवळात. बिरप्पानं अंघोळ घालून पाठ वळवली आणि आक्कांनी नवा पेढा देवाच्या तोंडाला लावला. काल एकच लावला म्हणून राग आला असेल, म्हणून आज दोन. वर पुन्हा हळद. देव पुन्हा गप्प. दाणे असे बसले होते की जणू देवाला जन्मतःच तीळ असावेत.

वस्तीत कुजबूज सुरू झाली. देव रुसलाय. दोन वर्षं कुलपात ठेवला म्हणून रुसलाय. कुणी म्हणालं, काचेच्या गॅलऱ्या झाल्या म्हणून. ग्रुपवर ज्यानं त्यानं आपलं कारण लिहिलं. ऋतुजानं मोजून सांगितलं की हात जोडणाऱ्यांची संख्या आता पाचशेच्या वर गेली आहे.

त्या दुपारी ऊन असं पडलं की पत्रे टणटण वाजायला लागले. मधल्या खोलीतून वास यायला लागला. वाईट म्हणावा असा नाही, पण पेढ्याचा म्हणावा असाही नाही. गोजरबाई अंथरूण उचलून अंगणात आल्या.

"इहीणबाई, आत दही लावलंय व्हय?"

आक्का परात घेऊन अंगणात आल्या, फडकं काढलं आणि एक पेढा मोडला. आत बारीक तार आली. दुसरा मोडला. तार. त्यांनी जिभेला लावला आणि खाली ठेवला. आक्का रडणाऱ्या बाई नव्हत्या. पण त्यांनी परात मांडीवर घेतली आणि पेढ्यांवरून हात फिरवत बसल्या.

तेवढ्यात माझ्या घराकडून आण्णांची हाक आली. "शिरीदेवी, तुजं चिरमुरं टिकाऊ हाय म्हनालीस न्हवं?"

सरदारनं दावं तोडलं होतं. पोतं फाडून तो आत मानेपर्यंत शिरला होता. बत्तासे त्यानं आधी संपवले, चिरमुरे मग. उरलेल्यात उभा राहून तो माझ्याकडं बघत होता, तोंडाला पांढरी पूड लावून, न्हाव्याकडं दाढीला बसल्यासारखा. खोबरं आणि खारका तेवढ्या खुंटीला टांगल्या होत्या म्हणून वाचल्या.

आण्णा म्हणाले, "म्या म्हनलं हुतं, सरदार बी खाईल."

परातीतले पेढे आम्ही माळावर खड्डा करून पुरले. आता फ्रीजमधले निम्मे उरले. निम्मे म्हणजे चारशेच्या आसपास. आणि लोक येणार किती, ते देवालाच ठाऊक. आक्का खड्ड्यावर माती लोटत म्हणाल्या, "पुना चतकोर." एवढंच म्हणाल्या. पण मला कळलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तो तळहात आला होता, उजेडात धरलेला.

मंगळवारी पहाटे त्या देवळात गेल्याच. लिंगायत बाईंच्या फ्रीजमधला एक गार पेढा घेऊन. या वेळी मीही होते आणि गोजरबाईही मागून आल्या. झोप येत नव्हती, म्हणाल्या. आक्कांनी पेढा देवाच्या तोंडाला लावला, गालावर लावला. "ह्यो ताजा हाय," त्या देवाला सांगत होत्या. "त्यो आंबला त्याला मी काय करू? तूच बोलंना गेलास." गोजरबाई खांबाला टेकून बघत होत्या. आक्कांना त्या दिसल्या नाहीत.

आठ वाजता दाणे लागले. नऊ वाजता ऋतुजा माझ्या कानाशी आली. "धाकटी आज्जी, देवाच्या पायावर बघा."

मुंग्या. काळ्या, बारीक, एका रांगेत. पायावरून मांडीवर, मांडीवरून छातीवर, छातीवरून गळ्यावर. देवळातले सगळे डोळे त्या रांगेबरोबर वर चढले. रांग हनुवटीशी आली आणि तिथं दोन फाटे झाले. एक उजव्या गालाकडं, एक डाव्या गालाकडं.

डाव्या गालावर मुंग्या आधी पोचल्या. त्या दाण्याभोवती जमल्या, चाटू लागल्या. आक्कांनी पदर तोंडात धरला. कारण डावा पडला तर पालखी त्या वर्षी गेली. पेढे, शपथ, सगळं गेलं.

"उजवीकडं चला गं बायांनो," गोजरबाई पुटपुटल्या. मुंग्यांनाच.

उजव्या गालावर चारपाच मुंग्या आल्या. त्यांनी वाट बघितली नाही की चाटत बसल्या नाहीत. दाण्याच्या खालून शिरल्या, दाणा हलला, एकदा वाकला आणि टप्पकन देवाच्या उजव्या मांडीवर पडला.

ढोल वाजला तो इतक्या जोरात की सरदारनं पुन्हा दावं तोडलं.

"थांबा," एक पंच म्हणाले. "ह्यो कौल देवानं दिला का मुंग्यानी?"

ढोल थांबला. सगळे बिरप्पाकडं बघू लागले. बिरप्पानं पुढं होऊन देवाच्या गालावरून बोट फिरवलं. बोट बोटाला लावलं. "हितं चिकाट कसलं हाय?"

आक्का पांढऱ्या पडल्या. तीन दिवस देव का गप्प होता, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मलाही कळलं. वस्तीला कळलं असतं तर पाळी गेली असती, आणि चतकोर पेढ्याची गोष्ट अख्ख्या पेढ्याची होऊन कर्नाटकात पोचली असती.

गोजरबाई खांबापासून उठल्या. देवाजवळ गेल्या. त्यांनीही बोट फिरवलं, आणि सगळ्यांसमोर चाटलं. मी मनात म्हटलं, साकु! आमच्या दुधनीकडं पुरे झालं की असंच म्हणतात. ही बाई आता बोलणार.

"तूप हाय," गोजरबाई म्हणाल्या. "अभिषेकाचं. आन मुंगी कुनाची हाय वो, बिरप्पा?"

बिरप्पानं विचार केला. "मुंगी बी देवाचीच."

"मग झालं की! ढोल कशाला थांबिवला?"

ढोल वाजला. फोन सुटले. ऋतुजानं ग्रुपवर लिहिलं की देवानं मुंग्यांच्या तोंडून कौल दिला. तासाभरात तिनं सांगितलं की हात जोडणारे आता मोजता येत नाहीत, आणि मंगळवेढ्याहून चार टेम्पो निघाले आहेत. मुंग्यांनी दिलेला कौल बघायला.

घरी आल्यावर आक्का चुलीपुढं बसल्या. चारशे पेढे समोर. "हजार मानूस येतंय," त्या म्हणाल्या. "मी भंडारा हातात घिऊन बोललीया."

गोजरबाईंनी पदर खोचला. "काय बोलला हुता? अक्खं देईन म्हनला हुता न्हवं? अक्खी मूठ द्या की. मोठी कडई काढा. शिरीदेवी, तुजं खोबरं कुटं हाय?"

मी खुंटीवरून खोबरं-खारका काढल्या. वस्तीतल्या घरोघरी शेंगदाणे होतेच, सोलापुरात शेंगदाणे नसलेलं घर दाखवा. एका चुलीवर दाणे भाजले, सालं पाखडली, भरड कूट केलं. दुसऱ्या चुलीवर खोबऱ्याचा कीस बदामी होईस्तोवर भाजला. खारकांची पूड केली. आणि मधल्या चुलीवर, मोठ्या कढईत, आक्कांनी आपले पांढरे मऊ पेढे कुस्करून घातले.

"बारीक जाळ," गोजरबाई सांगत होत्या. "ओल गेली पायजे. लाल होऊ द्या."

"करपंल की."

"करपत न्हाय. भाजलं की टिकतंय. तुमाला दुकानदारानं सांगितलं न्हवतं व्हय?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी खोबऱ्याकडं बघितलं.

खवा तांबूस झाला, कडेनं तूप सुटलं, वास माळावर पसरला. आक्का लगेच सगळं कालवायला निघाल्या तर गोजरबाईंनी उलथनं हातातून घेतलं. "गार होऊ द्या आदी. गरम असताना झाकलं की आतून घाम येतोय. घाम आला की दोन दिवसात बुरशी. पुना खड्डा काढायचाय का?"

चादरीवर पसरून पंख्याखाली गार केलं. मग गूळ किसून घातला, वेलदोडा घातला आणि बायका दोन्ही हातांनी चोळायला बसल्या. संध्याकाळी दोन घमेली, तीन पराती आणि लेकराच्या अंघोळीचा एक नवा कोरा टब, एवढं भरलं.

पालखी निघाली. माणूस किती आलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. रांग देवळापासून डांबरी रस्त्यापर्यंत होती आणि रस्त्यावरचे रिक्षावालेही उतरून रांगेत उभे होते. आक्का देवळाच्या पायरीवर बसून वाटत होत्या. पहिल्या शंभरांना भरघोस मूठ मिळाली. मग रांगेकडं बघून त्यांची मूठ जराशी आवळली. मग आणखी जराशी. कुणाच्या लक्षात आलं नाही. टबाच्या तळाशी शेवटी दोन मुठी उरल्या, तेव्हा रांगेत एकच बाई उरली होती. रांगेत पुढं उभं राहायला एक दिवस आधी आलेली, आणि आता सगळ्यांत मागं उभी.

गोजरबाईंनी तळहात पुढं केला. आक्कांनी एक मूठ घातली. मग दुसरी घातली.

"इहीणबाई," गोजरबाई म्हणाल्या, तेवढ्याच मोठ्यानं, जेवढ्या मोठ्यानं तीन वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. "औषध बदललं वाटतं. ह्यानं गुन येनार बगा."

देऊळ हसलं. आक्का सगळ्यांत आधी हसल्या.

त्यानंतर काय काय झालं ते सांगते. बिरप्पाच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता तो दाणे लावायच्या आधी देवाचे गाल ओल्या फडक्यानं पुसतो, का ते त्यानं कधी सांगितलं नाही. ऋतुजा पुण्याला नोकरीला आहे. तिथल्या मैत्रिणींना तिनं आमच्या त्या कालवलेल्या प्रसादाचे लाडू करून घातले, त्या त्याला सोलापुरी लाडू म्हणतात. वस्तीत मात्र त्याला औषध म्हणतात आणि दर पाळीला तेच करतात. कौल लागल्यावर. आण्णा गेल्या उन्हाळ्यात बाजेवरच गेले, झोपेत. सरदारचं काय झालं ते विचारू नका, पुढची दसऱ्याची जत्रा मोठी झाली एवढं सांगते.

गोजरबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. खव्याची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. फक्त आक्का कधी फार मोठं बोलायला लागल्या, की त्या इकडंतिकडं बघत म्हणायच्या, "मुंगी आली वाटतं," आणि आक्का गप्प व्हायच्या. गोजरबाईंच्या दहाव्याला आक्का मोडनिंबला गेल्या, अनवाणी. पिंडाशेजारी त्यांनी पदरातून काढून पांढरे पेढे ठेवले. मऊ, ओले, दोन अख्खे. मी म्हटलं, "आक्का, टिकायचे नाहीत."

"टिकवायचेत कुनाला," आक्का म्हणाल्या.